लाङ्गूलचालनम्: एका श्लोकाच्या शब्दवार नोंदी

२ जून २०२४

वाचनालयाच्या सुभाषित-वहीसाठी पुढचा श्लोक आज ठरला. भर्तृहरीच्या नीतिशतकातला, वसंततिलका वृत्तातला:

लाङ्गूलचालनमधश्चरणावपातं
भूमौ निपत्य वदनोदरदर्शनं च ।
श्वा पिण्डदस्य कुरुते गजपुङ्गवस्तु
धीरं विलोकयति चाटुशतैश्च भुङ्क्ते ॥

याचा सरळ अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. घास घालणाऱ्यापुढे कुत्रा शेपूट हलवतो, पायांशी लोळतो, जमिनीवर पडून तोंड आणि पोट दाखवतो. मोठा हत्ती मात्र शांतपणे बघतो आणि शेकडो आर्जवं केल्यावर खातो. गाइडात एवढंच छापलेलं असतं. कर्नाटकात दहावीला संस्कृत ही पहिली भाषा म्हणून घेणारी मुलं खूप आहेत. आमच्या खानापूरकडची मुलंही तेवढंच पाठ करून मार्क मिळवतात. अर्थ चुकीचा नाही. पण तो वाचला की कुत्रा लाचार आणि हत्ती मानी, एवढं ठरवून माणूस पान उलटतो. मला वाटतं, भर्तृहरीनं याहून बारीक काहीतरी सांगितलंय आणि ते समासांच्या आत ठेवलंय.

समास झाला की आतल्या पदाची विभक्ती जाते, वचन जातं, आणि क्रिया असेल तर ती कोणाची हेही झाकलं जातं. त्यामुळे वहीत प्रत्येक समासापुढे हे प्रश्न लिहायचे: विभक्ती कोणती गेली, वचन कोणतं गेलं, आणि क्रिया कोण करतंय.

५ जून

आज फक्त पदच्छेद. अधः पुढे च आला म्हणून विसर्गाचा श् झाला, अधश्च. पुङ्गवः + तु म्हणून पुङ्गवस्तु. शतैः + च म्हणून शतैश्च. वदन + उदर म्हणून वदनोदर. इथे कुणी अडखळत नाही.

अडखळतात ते चरणावपातम् पाशी. दोन पाय म्हणजे चरणौ, म्हणून मुलं 'चरणौ + अवपातम्' अशी फोड करतात. ऐकायला ती बरी वाटते, पण औ पुढे अ आला की आव होतो. चरणौ + अवपातम् म्हणजे चरणाववपातम्, दोन व. श्लोकात व एकच आहे. शिवाय तो जादा व घातला तर चौदा अक्षरांच्या चरणात पंधरा होतात आणि चाल मोडते. म्हणजे फोड 'चरण + अवपात' हीच, आणि हा समासच आहे. मुलांना मी एवढंच सांगितलं की शंका आली की जोडून बघा आणि मोठ्यानं म्हणून बघा.

वसंततिलकेची एक ओळ फळ्यावर लघु-गुरूंसह लिहून ठेवलीय: ग ग ल ग ल ल ल ग ल ल ग ल ग ग. पुढे लागणार आहे.

९ जून

लाङ्गूलचालनम्. लाङ्गूलस्य चालनम्, शेपटीचं हलवणं. षष्ठी तत्पुरुष, लिहून मोकळं व्हावं असा शब्द. पण 'चालन' मध्ये च ला काना आहे, आणि आजचा सगळा वर्ग त्या कान्यावरच गेला.

चल् धातूला क्रियेचं नाम करणारा ल्युट् हा प्रत्यय लागून 'चलन' होतं, म्हणजे हलणं. झाडाचं पान हलतं ते चलन. त्याच धातूला आधी 'करवणं' हा अर्थ देणारा प्रयोजक णिच् प्रत्यय लागला आणि मग ल्युट्, की 'चालन' होतं, म्हणजे हलवणं. शेपूट हलत नाहीये, कुत्रा ती हलवतोय. समासात कुत्र्याचं नाव नाही, कर्ता झाकलेला आहे, तरी त्या एका कान्यातून कर्ता डोकावतो.

वर्ग चालू असताना पायरीवर गावातला पिवळा कुत्रा बसला होता. एका मुलीनं डबा उघडला. शेपटीचं टोक आधी जमिनीवर हलकं आपटलं, मग मागचा सगळा भागच डावी-उजवीकडे झुलायला लागला, आणि नजर डब्यावरून हलेना. ती म्हणाली, "सर, हे चालनच की." होय. माशी बसली म्हणून शेपूट झटकली असती, तर ते या श्लोकात आलंच नसतं.

१२ जून

अधश्चरणावपातम्. वचन हरवल्यामुळे काय गोंधळ होतो, ते दाखवायला इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

अवपात म्हणजे खाली पडणं. चरण आणि अवपात यांच्यात कोणतं नातं? चरणयोः अवपातः, म्हणजे दोन पायांशी पडणं, मालकाच्या. की चरणानाम् अवपातः, म्हणजे चार पाय खाली टाकणं, कुत्र्याचे स्वतःचे? समासात नुसतं 'चरण' राहिलंय. दोन की चार, आणि कोणाचे, हे शब्द सांगत नाही. कुत्र्याचं वागणं बघितलं तर दोन्ही खरं आहे. तो मालकाच्या पायांशी येतो आणि येताना स्वतःचे पाय दुमडतो.

मी पहिला अर्थ घेतोय. कारण तिसऱ्या ओळीत 'पिण्डदस्य' ही षष्ठी येते. 'घास घालणाऱ्याचा' हे नातं शेपटीला लागत नाही, तोंडा-पोटालाही लागत नाही, पण पायांना लागतं. म्हणून पाय पिण्डदाचे. ज्यांना षष्ठीनंतर 'पुढे' हा शब्द अध्याहृत घ्यायचाय, त्यांना दुसरा अर्थही चालेल. तो वहीत खाली बारीक टाइपात देणार.

'अधः' समासाच्या आत आहे की बाहेर? लेखनावरून कळत नाही, कारण संस्कृत छापताना संधी झाला की दोन्ही पदं जोडूनच लिहितात. कन्नड लिपीतलं पुस्तक वापरणारे हायस्कूलचे मास्तर म्हणाले, "आमच्यातबी जोडूनच हाय. खरं अर्थ कुठं बदलतोय?" बरोबर आहे. आत घेतलं काय, बाहेर ठेवलं काय, 'खाली' हा अर्थ तोच राहतो. यावर वेळ घालवायचा नाही असं ठरलं.

१६ जून

वदनोदरदर्शनम्. दोन गाठी एकात एक मारलेल्या. आधी वदन आणि उदर यांचा द्वंद्व, मग त्या जोडीचं दर्शन, म्हणजे षष्ठी तत्पुरुष. बाहेरून सुरुवात केली की आतली गाठ सुटत नाही, म्हणून विग्रह आतून बाहेर लिहायचा.

आतला द्वंद्व बहुतेक जण 'वदनं च उदरं च वदनोदरे' असा द्विवचनी सोडवतात. पाणिनीचा नियम असा की प्राण्याच्या अवयवांचा द्वंद्व समाहार होतो, म्हणजे एकवचनी नपुंसक: पाणिपादम्, तसं वदनोदरम्. मग तस्य दर्शनम्. मोठ्या समासाच्या आत गेल्यावर हा फरक दिसत नाही, पण परीक्षेत विग्रह विचारला तर दिसतो. आणि अर्थालाही तो धरून आहे. कुत्रा आधी तोंड आणि मग पोट असं सुटं सुटं दाखवत नाही, उताणा पडला की एकदमच दाखवतो.

'उदर' चा आतला भाग असाही अर्थ होतो. म्हणून एकानं विचारलं की वदनोदर म्हणजे तोंडाचा आतला भाग का नाही? कुत्रा जबडा उघडून दाखवतोच की. प्रश्न रास्त आहे, व्याकरण त्याला अडवत नाही. अडवतात ते शेजारचे दोन शब्द, 'भूमौ निपत्य', जमिनीवर पडून. जबडा दाखवायला जमिनीवर पडावं लागत नाही, पोट दाखवायला पडावं लागतं. समासाची शंका बऱ्याचदा अशी शेजारच्या सुट्या पदावरून फिटते.

आता 'दर्शन'. दृश् धातूला सरळ ल्युट् लावला तर दर्शन, म्हणजे पाहणं. आधी णिच् लावून दर्शि केलं आणि मग ल्युट् लावला, तर मधला इ लोपतो आणि पुन्हा दर्शनच, म्हणजे दाखवणं. चलन आणि चालन यांत कान्याचा फरक राहिला होता, इथे तोही राहिला नाही. दोन वेगळे शब्द एकाच रूपात येऊन बसले.

इथे अर्थ दाखवणं हाच. स्वतःचं तोंड-पोट कुत्रा बघणार नाही, दुसऱ्याला बघायला लावणार. म्हणजे पहिली आणि तिसरी, दोन्ही क्रिया प्रयोजक निघाल्या: हलवणं, दाखवणं. आणि चौथ्या ओळीत हत्तीसाठी कोणता धातू येतो? विलोकयति, बघतो. कुत्रा स्वतःला दाखवतोय, हत्ती समोरच्याला बघतोय. एकाचं शरीर दुसऱ्याच्या नजरेसाठी मांडलेलं, दुसऱ्याची नजर त्याची स्वतःची. मला या श्लोकात जे सांगायचं होतं, ते आज फळ्यावर समोरासमोर आलं. 'दर्शन' म्हणजे नुसतं 'पाहणं' अशी समजूत असती, तर हे हातचं गेलं असतं.

१९ जून

श्वा: श्वन् शब्दाचं प्रथमा एकवचन. या शब्दाला एकही विशेषण नाही, हेही लिहून ठेवतो. नीच, दीन, लोभी असं कवी काही म्हणत नाही.

पिण्डदस्य. पिण्डं ददाति इति पिण्डदः. हा उपपद तत्पुरुष आहे. शेवटचा 'द' एकटा वापरता येत नाही, आधी काहीतरी जोडूनच तो उभा राहतो. जलद, धनद, सुखद हे सगळे त्यातले. मराठी कानाला 'पिंड' म्हटलं की आधी दहावा आणि कावळा आठवतो. वर्गातल्या एक अक्का तर हा शब्द मोठ्यानं वाचायलाच तयार नव्हत्या. इथे पिण्ड म्हणजे गोळा, घास, एवढंच.

पण कवीनं मालकाला स्वामी म्हटलं नाही, गृहस्थ म्हटलं नाही. जो गोळा देतो तो, एवढीच त्याची ओळख. कुत्र्याच्या डोळ्यांतून तो माणूस तसाच दिसतो, आणि पूर्ण श्लोकात माणसासाठी तेवढा एकच शब्द आहे.

कुरुते बद्दल थोडं सावध लिहायचंय. कृ धातू उभयपदी आहे, म्हणजे परस्मैपदी करोति आणि आत्मनेपदी कुरुते अशी दोन्ही रूपं घेतो. क्रियेचं फळ कर्त्याला मिळत असेल तर आत्मनेपद, असा नियम. त्यावरून 'कुत्रा हे सगळं स्वतःसाठी करतो, म्हणून कुरुते' असं समजावून सांगायचा मोह होतो, आणि मास्तरांनी ते तसं सांगितलंही. अर्थ जुळतो, यात वाद नाही. पण फळ्यावरचं वृत्त बघा: त्या जागी ल ल ग हवंय. कुरुते तिथे बसतं. करोति हे ल ग ल आहे, बसतच नाही. कवीपुढे पर्यायच नसेल तर त्या रूपावर फार भार टाकू नये. वहीत नियम देणार आणि वृत्ताची अडचणही तिथेच देणार.

२३ जून

कार हुण्णिमा नुकतीच झालीय. शिंगं रंगवलेले बैल अजून रस्त्यात दिसतात, काहींच्या गळ्यात गोंडेही तसेच आहेत. गजपुङ्गव हा शब्द याच आठवड्यात यावा, हे बरं झालं, कारण या शब्दात बैल आहे.

पुंस् म्हणजे नर, गो म्हणजे गाय-बैल. पुमान् चासौ गौः च, म्हणजे नर असलेला गो. तत्पुरुषाच्या शेवटी गो आला की त्याचा 'गव' होतो, म्हणून पुङ्गव. हा आतला समास. मग गजः पुङ्गव इव, हत्ती जो बैलासारखा. म्हणजे श्रेष्ठ, खांदे भरलेला, कळपात पुढे चालणारा. हा बाहेरचा समास, उपमान शेवटी असलेला कर्मधारय. 'गजानां पुङ्गवः' असा षष्ठीचा विग्रह पुष्कळ ठिकाणी दिसतो, पण 'अनेकांतून एक निवडलेला' या अर्थाच्या षष्ठीचा समास पाणिनी नाकारतो. म्हणून वहीत इव चाच विग्रह राहील.

अमरकोशात अशा शब्दांची यादी आहे, जे समासाच्या शेवटी आले की 'श्रेष्ठ' एवढाच अर्थ देतात: व्याघ्र, पुङ्गव, ऋषभ, कुञ्जर, सिंह, शार्दूल, नाग. यातले कुञ्जर आणि नाग म्हणजे हत्तीच. माणसाला थोर म्हणायचं तर नरकुञ्जर म्हणतात, हत्तीची उपमा देतात. पण थोर हत्तीलाच म्हणायचं असेल तर हत्ती कुठून आणणार? तिथे कवीनं बैल आणला. मराठीत आपण 'नरपुंगव' बहुतेक टोमणा मारायलाच वापरतो, त्यामुळे वाचणाऱ्याला इथेही टोमणा ऐकू येण्याची शक्यता आहे. संस्कृतात तो नाही. ही ओळ वहीत ठळक करायची.

'तु' हे एवढंसं अव्यय. त्याची जागा बघण्यासारखी आहे. कुत्र्याला दोन पूर्ण ओळी आणि तिसरीचा अर्धा भाग, मग गजपुङ्गवस्तु, आणि हत्तीला उरलेली एक ओळ. कुत्र्याच्या तीन लांब नामांना मिळून एकच क्रियापद आहे, कुरुते. हत्तीला लहानशा जागेत दोन स्वतंत्र क्रियापदं. ओळी म्हणताना कुत्र्याच्या भागात जीभ धावते, हत्तीकडे आली की ती स्थिरावते.

२७ जून

धीरम्. रूप बघून 'धीर माणसाला बघतो' असा अर्थ करायचा नाही. हे क्रियाविशेषण आहे, नपुंसक द्वितीया एकवचन, 'धीरपणे'. विलोकयति ला कर्म दिलेलंच नाही. हत्ती काय बघतो, गोळा की माणूस, हे कवीनं मोकळं सोडलंय. आपणही ते भरायचं नाही.

चाटुशतैः. चाटूनां शतानि, तैः. चाटु म्हणजे गोड गोड बोलणं, आर्जव, खुशामत. शत म्हणजे मोजून शंभर नव्हे, पुष्कळ. आमच्याकडं लाकडी डावालाही चाटू म्हणतात. त्यामुळे लहान मुलांच्या गटात 'हत्ती शंभर चाटूंनी जेवतो' असं उत्तर आलं आणि वर्ग खूप हसला.

पण मोठ्या मुलांतल्या एकाचं उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, "तृतीया आहे, म्हणजे साधन. हत्ती शेकडो खुशामती करून खातो." नुसत्या व्याकरणानं बघितलं तर याला चूक म्हणता येत नाही. खुशामत करणारा कोण, हे समासानं गिळलंय, आणि वाक्यात जवळचा कर्ता हत्तीच आहे. असा अर्थ घेतला तर श्लोक उलटा होतो. कुत्र्यापेक्षाही हत्ती लोचट ठरतो.

तो अर्थ दोन शब्दांमुळे टिकत नाही. तु नं विरोध सांगितलाय. हत्तीही खुशामतच करणार असेल तर विरोध कशाचा? आणि धीरम् बघणारा शेकडो चाटु कसे करेल? म्हणून चाटु बोलणारा दुसरा कोणीतरी, म्हणजे गोळा देणारा. चाटुशतैः म्हणजे 'शेकडो आर्जवं झाल्यावर, त्यांमुळे'. खुशामत हा शब्द श्लोकात एकदाच येतो, आणि तो देणाऱ्याच्या बाजूला आहे. कुत्र्यापाशी हे सगळं अंगानं चाललं होतं, त्याला चाटु हा शब्द लावलेला नाही. तिथे घेणारा देणाऱ्याला खूश करतो. इथे देणाराच घेणाऱ्याची मनधरणी करतोय, आणि तरी त्याचा नामोल्लेखही नाही.

नोकरीनिमित्त म्हैसूरला राहिलेले एक तात्या वर्गाला येतात. दसऱ्याच्या हत्तींना चारताना त्यांनी बघितलंय. भाताच्या पेंढ्याची गुंडाळी करतात, आत भात, गूळ, खोबरं घालतात. तिला कन्नडात कुसुरे म्हणतात. तात्या म्हणाले, "माहूत नुस्तं बोलत असतोय बघा. बाळ म्हणतोय, राजा म्हणतोय. हत्ती सोंड लांब करतोय, खरं घाई म्हणून नाही." पिण्ड, धीरम् आणि चाटु हे तिन्ही त्यांच्या त्या सांगण्यात होते. त्यांना विचारून हे वहीत घालतोय.

भुङ्क्ते बद्दल एकच ओळ. भुज् धातू रक्षण करणं या अर्थी परस्मैपदी, भुनक्ति. खाणं-भोगणं या अर्थी आत्मनेपदी, भुङ्क्ते. इथे आत्मनेपद अर्थामुळेच आलंय, त्यामुळे कुरुते सारखी शंका इथे येत नाही.

३० जून

वहीतला अन्वय असा ठरला: श्वा पिण्डदस्य (पुरतः) लाङ्गूलचालनम्, अधः चरणावपातम्, भूमौ निपत्य वदनोदरदर्शनं च कुरुते । गजपुङ्गवः तु धीरं विलोकयति, (पिण्डदस्य) चाटुशतैः च भुङ्क्ते । कंसातली पदं आपण घातलेली आहेत. ती श्लोकातली वाटू नयेत म्हणून फिक्या शाईत छापायला सांगितलंय.

मराठी अर्थ: घास घालणाऱ्यापुढे कुत्रा शेपूट हलवून दाखवतो, त्याच्या पायांशी पडतो, जमिनीवर लोळून तोंड आणि पोट त्याच्यापुढे धरतो. गजराज मात्र शांतपणे बघतो, आणि देणाऱ्यानं शेकडो आर्जवं केली की मग खातो.

'गजराज' वर आज बरीच चर्चा झाली. बैल त्यात राहत नाही, हे मला खटकतंय. 'हत्तींमधला बैल' असं लिहिलं तर मराठीत ते विचित्र होतं. शेवटी अर्थात गजराज ठेवला आणि पुङ्गव ची पूर्ण फोड शब्दार्थात दिली. मास्तरांनी कन्नड भाषांतरासाठी हीच पानं मागून घेतलीत. चरणावपातम् चे दोन्ही अर्थ ते बारीक टाइपात न टाकता मूळ मजकुरातच घेणार आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला पटतंय. मराठी वहीतही ते वर आणतो. उद्या प्रूफ छापखान्यात जाईल. त्याआधी लाङ्गूल आणि पुङ्गव मधले ङ नीट उमटलेत का, ते प्रत्येक पानावर तपासायचंय. मागच्या प्रूफात सगळीकडे ड छापून आला होता.